पंपाच्या पानाचं टायटल: आधी कोड, मग ड्युटी पॉइंट

प्रश्न: आमचं उद्यमबागला प्रोसेस पंप बनवायचं युनिट आहे. वेबसाइटवर प्रत्येक मॉडेलचं वेगळं पान आहे, पण सगळ्या पानांचं टायटल एकच: `Best Industrial Pump Manufacturer in Belgaum | Centrifugal Pump, Chemical Pump, Molasses Pump`. फोन येतात ते बोअरच्या मोटरीचे, नाहीतर टाकीवर पाणी चढवायच्या पंपाचे. कारखान्यातल्या पर्चेसच्या लोकांना आम्ही सापडायचं तर `BCP 80-50-200` च्या पानाला टायटल काय द्यावं? मॉडेल नंबर, कपॅसिटी, वापर हे सगळं एका ओळीत बसवायचं कसं?

उत्तर:

मी या पानाला हे टायटल देईन:

```html
<title>BCP 80-50-200 SS316 Process Pump, 50 m3/hr at 50 m</title>
```

अट एकच. तुमच्या टेस्ट बेडवर हा पंप २९०० आरपीएमला ताशी ५० घनमीटर आणि ५० मीटर हेड खरोखर देत असला पाहिजे. या साइजचा ठरलेला बिंदू साधारण तोच असतो, पण तुमचा कर्व्ह वेगळं सांगत असेल तर कर्व्हवरचा आकडा घाला. वापर मी या ओळीत घातलेला नाही, आणि तो मुद्दाम वगळलाय. त्याचं कारण पुढे येईल.

आधी एक बघू, या पानापर्यंत माणूस येतो कसा. सीझन संपला की साखर कारखान्यात आणि डिस्टिलरीत ओव्हरहॉलिंग सुरू होतं. फिटर जुना पंप उघडतो, केसिंग झिजलेलं असतं, नेमप्लेटवर `80-50-200` एवढंच वाचता येतं. तो फोटो काढून स्टोअरला पाठवतो, स्टोअरवाला तेच आकडे इंडेंटवर उतरवतो आणि पर्चेसमधला माणूस तेच गूगलमध्ये टाकतो. हा एक रस्ता. दुसऱ्या रस्त्यानं येतो तो प्रोजेक्टवाला. त्याच्याकडे नेमप्लेट नसते, डेटाशीट असते. अथणीकडच्या एका डिस्टिलरीतून फोनवर एन्क्वायरी येते ती अशी: "साहेब, पन्नास क्युबिक, हेड पन्नास मीटर, एसएस तीनशे सोळा, स्पेंट वॉशला. देतायसा काय?" एका वाक्यात चार गोष्टी आल्या: फ्लो, हेड, धातू, द्रव. सर्चमध्येही तो याच चार गोष्टी टाइप करतो. यात `best` नाही, `manufacturer in Belgaum` पण नाही.

तुमचं आत्ताचं टायटल या दोघांपैकी कुणाशीच जुळत नाही. जुळतं ते नुसतं `pump manufacturer` टाइप करणाऱ्याशी, आणि तिथं मोठ्या बी-टू-बी बाजारपेठांची पानं आधीच ठाण मांडून बसलेली आहेत. त्या गर्दीतूनही जो तुमच्यापर्यंत पोचतो तो बहुतेक मोटरवाला. त्याला तरी दोष कसा द्यायचा, तुमच्या टायटलमध्ये त्याला "हे तुझ्यासाठी नाही" असं सांगणारा एक शब्दही नाही.

आता कोडचं बघू. `80-50-200` म्हणजे सक्शन ८० मिमी, डिस्चार्ज ५० मिमी आणि इम्पेलरचा नाममात्र व्यास २०० मिमी. ही पद्धत आयएसओ २८५८ ची. तुमचे पंप त्या मापांचे असतील तर दुसऱ्या कुठल्या कंपनीचा याच मापाचा पंप काढून तिथं तुमचा बसतो, बेसप्लेटची भोकं आणि पायपिंग हलवावं लागत नाही. रिप्लेसमेंटवाल्याला नेमकं हेच हवं असतं. म्हणून मापाचा आकडा टायटलच्या सुरुवातीला, तुमच्या सीरिजच्या अक्षरांना चिकटून. `BCP` हे तुमचं नाव आहे, ते तुमच्या जुन्या गिऱ्हाइकालाच माहीत. `80-50-200` मात्र सगळ्या धंद्याला माहीत आहे.

पण हा आकडा सगळे एकसारखा लिहीत नाहीत. काही जण सक्शन लिहीतच नाहीत, नुसतं `50-200` असतं. काही कंपन्या इम्पेलर सेंटिमीटरमध्ये घेतात आणि `50/20` लिहितात. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये `80x50x200` सापडेल, आणि घाईत टाइप करणारा `8050200` असं सलग पण लिहील. हायफन आणि तिरकी रेघ यांना सर्च इंजिन बहुतेक मोकळ्या जागेसारखंच धरतं, त्यामुळे `80/50/200` ची चिंता नको. सलग लिहिलेला आकडा मात्र त्याच्या लेखी वेगळाच शब्द होतो. हे सगळे प्रकार टायटलमध्ये कोंबायचे नाहीत. टायटलमध्ये नेमप्लेटवर आहे तसा एकदाच, आणि खाली पानावर एक साधी ओळ: हा साइज या-या प्रकारेही लिहितात. गिऱ्हाईक ती ओळ वाचून उलट निर्धास्त होतो की आपण बरोबर ठिकाणी आलो.

एक बारीक गोष्ट, पण खूप युनिटांच्या कॅटलॉगमध्ये मी ती बघितली आहे, तुमच्यातही तपासा. कोड लिहिताना `BCP -80-50-200` असा हायफनच्या आधी स्पेस पडतो. गूगलमध्ये स्पेसनंतर लगेच वजाचं चिन्ह आलं तर त्याचा अर्थ "हा शब्द वगळा" असा होतो. गिऱ्हाइकानं तुमच्या कॅटलॉगमधून कोड तसाच कॉपी करून सर्चमध्ये टाकला तर तो तुमचाच साइज वगळायला सांगून बसतो. `BCP 80-50-200` असं ठेवा आणि नेमप्लेट, कोटेशन, पीडीएफ, वेबसाइट चारी ठिकाणी तेच ठेवा.

नुसत्या कोडनं भागत का नाही, तर कोड कपॅसिटी सांगत नाही. हाच `80-50-200` तुम्ही चार पोल मोटरवर १४५० आरपीएमला चालवला तर फ्लो निम्मा होतो आणि हेड चौथाईवर येतं: ताशी २५ घनमीटर, १२.५ मीटर. पंप तोच, केसिंग तेच, नेमप्लेटवरचा साइज तोच. म्हणून कोडच्या पुढे ड्युटी पॉइंट लागतो. तुमच्या कॅटलॉगमध्ये दोन्ही स्पीड असतील तर टायटलमध्ये जो जास्त विकला जातो तो घ्या आणि दुसऱ्याचा तक्ता त्याच पानावर खाली द्या. त्यासाठी वेगळं पान काढू नका.

ड्युटी पॉइंट लिहिण्यातच बहुतेक जण घसरतात, म्हणून इथं जरा थांबतो. पंप युनिटांच्या साइटवर हमखास दिसणारं वाक्य: `Capacity up to 60 m3/hr, Head up to 53 m`. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते एका वेळी खरे नसतात. २०० मिमीच्या पूर्ण इम्पेलरवर या साइजचा कर्व्ह साधारण असा पडतो:

| फ्लो (घनमीटर/तास) | हेड (मीटर) |
|---|---|
| ३० | ५३ |
| ५० | ५० |
| ६० | ४७ |

५३ मीटर मिळतं ते ३० घनमीटरला. ६० घनमीटर मिळतं तेव्हा हेड ४७ वर उतरलेलं असतं. ६० ला ५३ असा बिंदू या पंपाच्या कर्व्हवर नाहीच. टायटलमध्ये "अप टू" करून दोन्ही टोकं जोडली की पर्चेसवाला नेमका तोच बिंदू मागतो. मग तुमचा सेल्सचा माणूस दोन दिवस कर्व्ह समजावत बसतो, किंवा एक साइज मोठा पंप कोट करतो आणि रेटमध्ये मार खातो. त्यापेक्षा एफिशियन्सी सर्वांत चांगली असते तिथला एक बिंदू द्या आणि मध्ये `at` घाला. `50 m3/hr at 50 m` वाचल्यावर इंजिनिअरला कळतं की लिहिणाऱ्याला पंप कळतो. `up to` वाचल्यावर तो सावध होतो.

"पण मला ४५ घनमीटर ४८ मीटरवाला गिऱ्हाईक हवाय, तो कसा सापडेल?" हा प्रश्न यापुढे येतोच. सर्च इंजिन ४५ हा आकडा ३० आणि ६० च्या मध्ये येतो असं गणित तुमच्यासाठी करेल, या भरवशावर राहू नका. टायटलमध्येही सगळे आकडे मावत नाहीत. तो सापडतो पानाच्या मजकुरामुळे: धातू, प्रकार, वापर आणि वरच्यासारखा तक्ता. तक्ता मात्र टाइप केलेला हवा. बहुतेक युनिटांत कर्व्ह म्हणजे ग्राफपेपरचा स्कॅन केलेला फोटो असतो. त्यातला एकही आकडा मजकूर म्हणून वाचला जाईल असं धरू नका. कर्व्हचं चित्र ठेवा, त्याखाली पाच-सहा बिंदू टाइप करा. ५० घनमीटरसमोर ८३३ एलपीएम आणि १३.९ एलपीएस हेही त्याच तक्त्यात द्या, कारण युटिलिटीवाले एलपीएममध्ये बोलतात आणि पाणीपुरवठ्यावाले एलपीएसमध्ये. टायटलमध्ये एकच एकक, तुमच्या एन्क्वायरीत जे जास्त येतं ते. तेही `m3/hr` असं साधं. वर चढवलेला छोटा ३ दिसायला देखणा असेल, पण कीबोर्डवर तो कुणी टाइप करत नाही.

एचपी टायटलमध्ये घालावा का? मोनोब्लॉकच्या पानाला घाला, तिथं गिऱ्हाईक एचपीनंच विचारतो. प्रोसेस पंपाला नको. ५० घनमीटर, ५० मीटरला पाण्यावर हायड्रॉलिक पॉवर ६.८ किलोवॅट येते. एफिशियन्सी ६९ टक्के धरली तर शाफ्टवर ९.९ लागतात. द्रवाचं विशिष्ट गुरुत्व १.०५ असेल तर १०.४. तिथं ११ किलोवॅटची मोटर लावली तर मार्जिन उरत नाही, म्हणून तुम्ही १५ ची, म्हणजे २० एचपीची देता. द्रव बदलला किंवा इम्पेलर ट्रिम केला की हा आकडा बदलतो. जो आकडा दर ऑर्डरला बदलतो तो टायटलमध्ये शोभत नाही. शिवाय `20 HP pump` पाहून परत शेतीवालेच फोन करणार.

धातूचं नाव ठेवलंय, कारण ते निवडीचं पहिलं गाळणं आहे. कास्ट आयर्नवाला आणि एसएसवाला ही गिऱ्हाइकं वेगळी, बजेटं वेगळी. तुमच्या ड्रॉइंगवर आणि टेस्ट सर्टिफिकेटवर `CF8M` असेल, कारण कास्टिंगचा ग्रेड तो. खरेदी करणारा मात्र `SS316` टाइप करतो. टायटलमध्ये त्याचा शब्द, तक्त्यात तुमचा. फक्त एक सांभाळा: केसिंग आणि इम्पेलर `CF8M` आणि शाफ्ट ४१० चा असेल तर पानावर भागवार लिहा. टायटलमध्ये `SS316` वाचून आलेला माणूस सगळे वेटेड पार्ट ३१६ चे समजतो आणि इन्स्पेक्शनला वाद होतो.

आता वापर. तो मी या टायटलमधून काढला त्याचं पहिलं कारण जागा. टायटलला अक्षरांची सक्ती नाही, पण गूगल ते स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे कापतं. डेस्कटॉपवर साधारण ५५ ते ६० इंग्रजी अक्षरं दिसतात, मोठी अक्षरं जास्त असली तर त्याहून कमी. वरची ओळ बरोबर ५० अक्षरांची आहे. दुसरं कारण मोठं आहे. `80-50-200` हा पंप स्पेंट वॉशला जातो, ईटीपीला जातो, डायहाउसला जातो, कंडेन्सेटला जातो. तुमचे बाकीचे साइजही तिथंच जातात. सगळ्या मॉडेलच्या टायटलमध्ये हे सगळे वापर लिहिले की सगळी पानं पुन्हा सारखी दिसू लागतात, आणि `spent wash pump` शोधणाऱ्याला त्यातलं कुठलं दाखवायचं हे सर्च इंजिन स्वतः ठरवतं. नेमकं चुकीचं निवडतं असं नाही, पण तुमच्या हातात काही राहत नाही.

म्हणून वापराचं पान वेगळं काढा. तुमच्या भागात स्पेंट वॉशचं पान सगळ्यात आधी करा. बेळगाव जिल्ह्यात आणि पलीकडे कोल्हापूर, सांगलीत साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या दाटीनं आहेत, गिऱ्हाईक दारात आहे. त्या पानाचं टायटल असं:

```html
<title>Spent Wash Transfer Pump SS316 for Distillery, 25-100 m3/hr</title>
```

इथं वापर पुढे आला आणि कोड गेला, कारण हे पान शोधणाऱ्याला साइज अजून माहीत नसतो. फ्लोही एका बिंदूऐवजी रेंजमध्ये आला, कारण पान एका मॉडेलचं नाही. `65-40-200` पासून `100-65-200` पर्यंतचे तीन साइज तिथं येतात. हेडचा आकडा टायटलमध्ये नाही, म्हणून वर सांगितलेला "अप टू"चा घोटाळाही होत नाही. पानाच्या आत मात्र स्पेंट वॉशबद्दल बोला: तो गरम असतो, आम्लधर्मी असतो, त्यात गाळ असतो, मग सीलचं फ्लशिंग कसं देता, इम्पेलर क्लोज्ड की सेमी-ओपन, तापमान किती चालतं. आणि तिथून प्रत्येक मॉडेलच्या पानाला लिंक.

तुमच्या जुन्या टायटलमधला `Molasses Pump` आजच काढा. मळी घट्ट असते, थंडीत तर हलतच नाही. इतक्या चिकट द्रवावर सेंट्रिफ्युगलचं हेड आणि एफिशियन्सी दोन्ही कोसळतात, तिथं गिअर, स्क्रू नाहीतर रोटा पंप लागतो. तुमच्याकडे तो नसेल तर त्या शब्दावर येणारी प्रत्येक एन्क्वायरी म्हणजे तुमच्या माणसाचा वाया गेलेला वेळ. चुकून एखादी ऑर्डर मिळालीच तर ती त्याहून महाग पडेल.

सीरिजचं म्हणून एक तिसरं पान असतं, त्याला `BCP Series ISO 2858 Back Pull Out Process Pump, SS316` पुरे. स्टँडर्डचं नाव कन्सल्टंट लोक शोधतात, ते एका पानावर असलं की झालं. फक्त तुमची मापं खरोखर त्या स्टँडर्डला जुळत असतील तरच लिहा.

गावाचं नाव मी तिन्हींत घेतलं नाही. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी झालं, लोक इंग्रजीत अजून `Belgaum` टाइप करतात, आपण मराठीत बेळगावच म्हणतो, आणि यातलं कुठलं घालावं यावर युनिटात तासभर चर्चा होते. स्पेसिफिकेशन घेऊन शोधणारा गाव टाइप करत नाही. निपाणीच्या किंवा कागलच्या माणसाला तुम्ही जवळ आहात हे कळायला हवंच, पण ते होम पेज आणि संपर्काच्या पानावर, दोन्ही स्पेलिंगसह.

कंपनीचं नावही शेवटी आपोआप चिकटतं का ते बघा. वर्डप्रेसच्या बऱ्याच साइट्स टायटलमागे पूर्ण नाव जोडतात आणि `Engineering Works Private Limited` सकट तीस-चाळीस अक्षरं खातात. गूगल २०२२ पासून निकालात साइटचं नाव वेगळ्या ओळीत दाखवतं, त्यामुळे टायटलमध्ये छोटं नाव ठेवा नाहीतर काढूनच टाका.

दुसऱ्या कंपनीचा मॉडेल नंबर किंवा ब्रँड टायटलमध्ये घालून "रिप्लेसमेंट" लिहायचा मोह होतो. टायटलमध्ये नको. ट्रेडमार्कचा प्रश्न आहे, आणि आयएसओच्या मापांचा आकडा तुम्ही आधीच दिलाय, रिप्लेसमेंटवाला त्यावर येतोच.

हे सगळं करूनही गूगल तुमचं टायटल जसंच्या तसं दाखवेल याची खात्री नसते. २०२१ च्या ऑगस्टपासून ते पानावरचं मुख्य शीर्षक किंवा इतर मजकूर घेऊन टायटल बदलू लागलं, विशेषतः टायटल फार लांब असेल, शब्द कोंबलेले असतील किंवा सगळ्या पानांवर तेच असेल तेव्हा. तुमच्या आत्ताच्या पानांत तिन्ही दोष आहेत. पानावरचं शीर्षक टायटलशी जुळतं ठेवा:

```html
<h1>BCP 80-50-200 SS316 Process Pump</h1>
```

पुष्कळ साइट्सवर इथं `Product Details` किंवा `Welcome` असतं, आणि मग निकालातही काहीतरी विचित्र दिसतं. बदल केल्यावर सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा पत्ता तपासून इंडेक्सिंगची विनंती टाका. नवं टायटल दिसायला काही दिवस ते काही आठवडे जातात. पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, मात्र बदलू नका. टायटल सुधारताना डेव्हलपर उत्साहानं यूआरएलही "स्वच्छ" करतो, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट टाकायला विसरतो, आणि जे थोडं जमलेलं असतं तेही जातं.

फरक पडला का हे बघायला सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये क्वेरीला रेगेक्स फिल्टर लावता येतो. या तीन ओळी एकेक करून वापरा:

```
80.?50.?200|bcp
m3|lpm|lps|head|mtr
spent ?wash|distillery
```

पहिल्या ओळीत रिप्लेसमेंटवाले दिसतात, दुसरीत डेटाशीटवाले, तिसरीत वापरावरून शोधणारे. आकडे लहान असतील, त्याला घाबरू नका. आपल्या धंद्यात सर्चच मोजके असतात. शिवाय फार कमी लोकांनी टाइप केलेल्या क्वेरी गूगल गोपनीयतेसाठी यादीत दाखवत नाही, त्यामुळे यादीची बेरीज एकूण क्लिकपेक्षा कमीच येते. एकूण क्लिक घटलेही असतील. `molasses pump` आणि घरगुती पंपाचे क्लिक गेले म्हणून घटले असतील तर ते बरंच झालं. क्वेरीची यादी उघडूनच ते कळतं.

यापेक्षा चांगला पुरावा तुमच्या एन्क्वायरी रजिस्टरमध्ये मिळेल. एक रकाना वाढवा: पहिल्याच फोनवर किंवा मेलमध्ये फ्लो, हेड आणि द्रव तिन्ही आले का? टायटल कामाला लागलं असेल तर एन्क्वायऱ्यांची संख्या तीच राहूनही "हो" वाढतात. मेलची सब्जेक्ट लाइनही तशीच उतरवून ठेवा. गिऱ्हाईक जे शब्द सब्जेक्टमध्ये लिहितो तेच सर्चमध्ये लिहितो, आणि पुढच्या मॉडेलचं टायटल ठरवताना कुठल्याही कीवर्ड टूलपेक्षा ही यादी कामाची. अशा टूलमध्ये `80-50-200` समोर बहुधा शून्यच दिसेल.

तुलना करताना सीझन ध्यानात घ्या. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, आणि कारखाना पंप शोधतो तो बहुतेक त्यानंतरच्या ओव्हरहॉलिंगमध्ये. तुम्ही मार्चमध्ये टायटल बदललंत आणि मे महिन्याची तुलना फेब्रुवारीशी केलीत तर वाढ दिसणारच, टायटल कसंही असो. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, म्हणून मेची तुलना मागच्या मेशी करा. आणि सगळ्या मॉडेलांची टायटलं एकदम बदलू नका. आधी २०० मिमीचे तीन साइज आणि स्पेंट वॉशचं पान एवढंच बदला, बाकीची पानं जशी आहेत तशी राहू द्या. एका ओव्हरहॉलिंगच्या मोसमात दोन्हींची तुलना रजिस्टरमध्ये दिसेल, मग १६० आणि २५० मिमीचे साइज घ्या.